इकावा: पुरुषांमधला पक्षाघात पाऊणपट घटला, त्याचा हिशेब

१९५१ ते १९८० या काळात जपानमध्ये मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक स्ट्रोकचा, म्हणजे पक्षाघाताचा होता. हृदयविकार आणि कर्करोग त्याच्या मागे होते. साठच्या दशकाच्या मध्यावर हा मृत्युदर शिखराला पोचला आणि मग उतरू लागला. पुढच्या पंचवीसेक वर्षांत, लोकसंख्येतला वयाचा फरक हिशेबात धरूनही, तो दोन तृतीयांशाहून अधिक खाली आला. एवढ्या मोठ्या देशात इतक्या थोड्या काळात एखादा असंसर्गजन्य आजार इतका घटल्याची उदाहरणं फारशी नाहीत.

देशभराचे आकडे पाहून कारण मात्र कळत नाही. त्याच वर्षांत जपानमध्ये पगार वाढले, घरं उबदार झाली, फ्रीज आले, जेवण बदललं, १९६१ पासून सगळ्यांना आरोग्यविमा मिळाला. यातलं नेमकं काय लागू पडलं, हे वेगळं काढायचं तर एका लहान जागेकडे पाहावं लागतं. म्हणून इथे अकिता प्रांतातलं इकावा हे गाव घेतलं आहे. तिथे १९६३ मध्ये रक्तदाब तपासणीची मोहीम सुरू झाली, आणि तिचे परिणाम तुलनेसाठी निवडलेल्या दुसऱ्या एका गावाच्या शेजारी ठेवून पाहता येतात.

सुरुवातीची स्थिती

अकिता होन्शू बेटाच्या ईशान्य भागात आहे. हिवाळा लांब आणि बर्फाचा, शेती भाताची. हिवाळ्यासाठी भाज्या आणि मासे मिठात मुरवून ठेवायचे, रोजच्या जेवणात मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट वाटणाचं सूप, सोबत भरपूर भात. पन्नासच्या दशकात ईशान्य जपानमध्ये माणशी दिवसाला सरासरी २७ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जात होतं. दक्षिण जपानमध्ये हा आकडा साधारण १४ होता. जागतिक आरोग्य संघटनेची आजची शिफारस ५ ग्रॅमहून कमीची आहे. अमेरिकन संशोधक लुईस डाल यांनी १९६० मध्ये निरनिराळ्या लोकसमूहांचं मीठ आणि त्यांच्यातलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण एका आलेखावर मांडलं, तेव्हा सगळ्यात वरचा बिंदू ईशान्य जपानचा होता. तो आलेख जगभर गाजला. मला तो पुरावा म्हणून तोकडा वाटतो. मोजके पाच बिंदू, आणि प्रत्येक बिंदूच्या मागे जगण्याची सगळी पद्धतच वेगळी. पण इशारा म्हणून तो नेमका ठरला.

दुसरी अडचण निदानाची होती. त्या काळच्या मृत्युदाखल्यांप्रमाणे जपानमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू, रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या मृत्यूंच्या बारापट होते. इतर देशांतल्या तज्ज्ञांना हे पटत नव्हतं. सीटी स्कॅन यायला अजून दहा वर्षं होती, त्यामुळे खरं काय ते शवविच्छेदनानेच ठरणार होतं. १९६१ मध्ये क्युशू विद्यापीठाचे शिबानोसुके कात्सुकी यांनी फुकुओकाजवळच्या हिसायामा गावात त्याचीच सोय केली. चाळिशीपुढच्या सगळ्या रहिवाशांची नोंद ठेवायची आणि मृत्यूनंतर घरच्यांच्या संमतीने शवविच्छेदन करायचं. दर पाच मृतांमागे साधारण चौघांचं विच्छेदन झालं. गावपातळीवर एवढं प्रमाण आजही क्वचितच आढळतं. तिथे रक्तस्राव आणि तुंबणं जवळपास समसमान निघालं. डॉक्टर सवयीने 'मेंदूत रक्तस्राव' असं लिहून मोकळे होत होते.

ही दुरुस्ती केवळ नोंदवहीपुरती नव्हती. तुंबण्याच्या ज्या घटना विच्छेदनात दिसल्या, त्यांतल्या बऱ्याच मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक धमन्यांमधल्या होत्या. या धमन्या मोठ्या धमनीतून थेट काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतला दाब त्यांच्यावर जवळजवळ जसाच्या तसा येतो. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला की त्यांची भिंत जाड आणि ताठर होते. कधी आतली वाट बंद होते आणि मेंदूत लहानसा खड्डा पडतो, कधी तीच भिंत फुटून रक्त पसरतं. म्हणजे ज्यांना दोन वेगळे आजार समजत होते, त्यांतल्या मोठ्या हिश्श्याचं मूळ एकच होतं. पाश्चात्त्य देशांत मानेच्या आणि हृदयाच्या मोठ्या धमन्यांत साचणारी चरबी हा मुख्य विषय होता. अकितातल्या शेतकऱ्यांचं कोलेस्टेरॉल उलट कमी होतं. त्यांच्यापुरता रोख स्पष्ट झाला: रक्तदाब.

मोहीम

इकावात काम करणारा गट ओसाकाचा होता, प्रमुख होते योशिओ कोमाची. तिशी ओलांडलेल्यांची संख्या इकावात सुमारे ३,२०० आणि तुलनेच्या गावात सुमारे १,५०० होती. दोन्हीकडे १९६३ पासून तपासणी झाली. तुलनेच्या गावात काम किमान पातळीवर ठेवलं, इकावात सगळा जोर लावला. संशोधकांनीही यांना 'पूर्ण हस्तक्षेप' आणि 'किमान हस्तक्षेप' अशीच नावं दिली.

१९६३ या वर्षाकडे जरा थांबून पाहायला हवं. उच्च रक्तदाबावर औषध दिल्याने खरोखर फायदा होतो, हे यादृच्छिक चाचणीने तोवर नीट सिद्धही झालेलं नव्हतं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधली प्रसिद्ध चाचणी १९६७ मध्ये प्रकाशित झाली, तीही खालचा आकडा ११५ च्या वर असलेल्या १४३ पुरुषांपुरती. त्याहून सौम्य रक्तदाबाचा निकाल यायला १९७० उजाडलं. वय वाढलं की दाब वाढायचाच, तो उतरवला तर मेंदूला रक्त कमी पडेल, असं मानणारे डॉक्टर तेव्हा सगळीकडे होते. हाताशी औषधं मोजकीच होती: लघवी वाढवणारं थायाझाइड, रेसर्पिन, हायड्रालाझिन.

कामाची पद्धत अगदी साधी होती. दरवर्षी गावातच तपासणी. दाब जास्त आढळलेल्यांना स्थानिक दवाखान्यात पाठवणं. जे पुन्हा फिरकले नाहीत त्यांच्या घरी सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने जाणं. शिवाय मीठ कमी करण्याबद्दल गावभर शिकवणी. माझ्या मते या साखळीची खरी कडी तिसरी आहे. रक्तदाब मोजणं सोपं असतं. शिबिर भरवलं की हजार माणसं मोजून होतात आणि अहवालात आकडा छान दिसतो. पण ज्याला काहीच दुखत नाही, त्याला गोळी सुरू करून वर्षभर चालू ठेवायला लावणं हे निराळं काम आहे, आणि गळती तिथेच होते. मोहीम कुठे अडली आहे हे ओळखायचं असेल, तर किती जणांना मोजलं हा आकडा बाजूला ठेवावा. मागच्या वर्षी दाब जास्त निघालेल्यांपैकी किती जणांचा दाब यंदा १४० च्या खाली आहे, ते विचारावं. आणि या प्रश्नाच्या छेदात यंदा न आलेल्यांनाही धरावं. नाहीतर उत्तर फक्त नियमाने येणाऱ्यांचं मिळतं, आणि ते नेहमीच चांगलं असतं.

मोजण्यातही फसगत होते. चढ चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला, तो बोलत राहिला किंवा त्याचा हात अधांतरी राहिला, तर वरचा आकडा सहज १० मिमी जास्त येतो. एका दिवशी १६० दिसलेल्यांना पुन्हा बोलावलं, तर काहीही न करता त्यांची सरासरी उतरलेली दिसते, कारण पहिल्या दिवशी योगायोगाने वर गेलेले लोकच त्या गटात जास्त भरलेले असतात. या आपोआप होणाऱ्या उताराचं श्रेय मोहिमेला जाऊ नये म्हणून तुलनेचं गाव लागतं. अशा नोंदींच्या वहीत आणखी एक गोष्ट बघावी: शेवटचा अंक. वहीतले निम्मे आकडे शून्याने संपत असतील, तर मोजणारा अंदाजाने लिहितो आहे. नुसत्या योगायोगाने, यंत्र समआकडेच दाखवणारं असेल तर, शून्य पाचात एकदाच यायला हवं.

काय झालं

पुरुषांमध्ये निकाल ठसठशीत आहे. १९६४ ते १९६९ हा पाया धरला, तर इकावात नव्या पक्षाघातांचं प्रमाण १९७० ते १९७५ मध्ये ४२ टक्क्यांनी, १९७६ ते १९८१ मध्ये ५३ टक्क्यांनी आणि १९८२ ते १९८७ मध्ये ७५ टक्क्यांनी घटलं. तुलनेच्या गावात याच तीन टप्प्यांत आधी ५ टक्के वाढ, मग २० टक्के घट आणि शेवटी २९ टक्के घट झाली. वरच्या रक्तदाबात झालेल्या बदलावरून या फरकाचा मोठा भाग उलगडतो.

स्त्रियांमध्ये असं घडलं नाही. घट झाली, आणि भरपूर झाली, पण दोन्ही गावांत झाली: ४५ ते ६५ टक्के. रक्तदाबाच्या आकड्यांतूनही गावांमधला काही फरक उलगडत नाही, कारण उलगडण्याजोगा फरकच नाही. हा अहवाल सांगताना बहुतेक जण पुरुषांचा ७५ टक्क्यांचा आकडा सांगतात आणि पुढे सरकतात. मला स्त्रियांची ओळ जास्त बोलकी वाटते. मोहिमेशिवायही त्या काळात पक्षाघात बराच खाली येत होता, ही गोष्ट त्या ओळीमुळे नाकारता येत नाही. 'किमान' म्हणजे शून्य नव्हे, हेही लक्षात घ्यावं. त्या गावातही रक्तदाब मोजला जात होता, दवाखाने होते, विमा होता.

आकडे लहान आहेत हेही विसरू नये. समजा, तुलनेच्या गावात तिशीपुढचे ७०० पुरुष होते आणि वर्षाला हजारी १० पक्षाघात होत होते. मग सहा वर्षांत ४२ घटना होतील. एवढ्या घटनांमध्ये निव्वळ योगायोगानेही तेरा-चौदा इकडेतिकडे होऊ शकतात, म्हणजे तीस टक्के. तिथली २९ टक्क्यांची घट खरी की योगायोगाची, हे त्या एका आकड्यावरून ठामपणे सांगता येणार नाही. इकावाची ७५ टक्के घट मात्र योगायोगाच्या कक्षेत बसत नाही. गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि दोनच होती. या रचनेतून याहून जास्त पिळून काढता येत नाही.

हिशेब मांडून पाहू

मग प्रश्न उरतो तो असा. इकावातली घट खूप वाढलेल्या दाबाच्या थोड्या लोकांवर उपचार केल्याने झाली, की सगळ्या गावाचाच दाब थोडा उतरल्याने? मोहिमेत औषधं आणि मीठ दोन्ही एकत्र होतं, त्यामुळे थेट उत्तर मिळत नाही. पण दोन्ही वाटांचं बळ कागदावर तपासता येतं. त्यासाठी एक भक्कम आधार आहे: ६१ अभ्यासांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेलं विश्लेषण. ४० ते ६९ या वयात वरचा दाब २० मिमीने जास्त असला, तर पक्षाघाताने मरण्याचा धोका दुपटीहून अधिक असतो. हा नियम ११५ पर्यंत खाली तसाच लागू राहतो. १४० ला कुठलीही पायरी नाही. ती रेघ आपण उपचाराच्या सोयीसाठी मारली आहे.

आता कल्पनेतले १०,००० प्रौढ घेऊ. हे आकडे केवळ मांडणीसाठी आहेत. वरचा दाब १२० च्या खाली असलेले २,५००, १२० ते १३९ मधले ४,०००, १४० ते १५९ मधले २,५०० आणि १६० किंवा वरचे १,०००. पहिल्या गटात वर्षाला हजारी एक पक्षाघात होतो असं धरू आणि प्रत्येक पायरीला धोका दुप्पट करू. मग गटवार पक्षाघात येतात अडीच, आठ, दहा आणि आठ. एकूण साडेअठ्ठावीस.

सर्वांत धोक्यातल्या १,००० जणांचा वाटा फक्त आठ, म्हणजे २८ टक्के. ज्यांना कोणताही डॉक्टर उच्च रक्तदाबाचे रुग्ण म्हणणार नाही, त्या १४० खालच्यांचा वाटा साडेदहा, म्हणजे ३७ टक्के. त्यांच्यातल्या एकेकाचा धोका कमी आहे, पण ते संख्येने खूप आहेत.

पहिली वाट: १६० च्या वरच्या प्रत्येकाला गाठलं आणि दाब २० मिमीने उतरवला. आठाचे चार झाले, चार पक्षाघात टळले. दुसरी वाट: कुणालाही निवडलं नाही, पण सगळ्यांचाच दाब ४ मिमीने खाली आला. प्रत्येक गटातला धोका १३ टक्क्यांनी कमी होतो आणि जवळजवळ पावणेचार पक्षाघात टळतात. म्हणजे दोन्ही वाटा तोडीस तोड. फरक असा की पहिल्या वाटेत शंभर टक्के लोक सापडायला आणि गोळी घेत राहायला हवेत. निम्मेच टिकले तर टळलेले पक्षाघात दोनच. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकात नेमकं याच विरोधाभासाकडे लक्ष वेधलं होतं: समाजाला मोठा फायदा देणारा उपाय एकेका माणसाला फार थोडं देतो, म्हणून तो कुणालाच आपला वाटत नाही.

चार मिमी हा आकडा हवेतला नाही. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या मिठाऐवजी ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं गेलं. भाग घेणारे सुमारे २१,००० जण आधी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे आणि दाब आटोक्यात नसलेले होते. वरचा दाब सरासरी ३.३ मिमीने उतरला आणि सुमारे पावणेपाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना त्यातून वगळलं होतं, कारण पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सरसकट वाटप करायचं ठरवलं तर ही अट तशीच पाळता येत नाही, आणि या उपायाची खरी मर्यादा तीच आहे.

माझ्या हिशेबातही एक कच्चा दुवा आहे. दुपटीचा नियम चाळिशी ते साठीचा आहे. ऐंशीनंतर ती रेषा बरीच सपाट होते, आणि पक्षाघात तर म्हातारपणीच जास्त होतात. त्या वयात टक्केवारीतला फायदा कमी दिसतो, तरी मुळातला धोका इतका मोठा असतो की टळणाऱ्या घटनांची संख्या कमी राहत नाही.

रक्तदाबाच्या पलीकडे

तंबाखू, मधुमेह, पोटाचा घेर, दारू, हालचालीचा अभाव, हृदयाचे अनियमित ठोके आणि त्यातून सुटणाऱ्या गुठळ्या, ही बाकीची टाळता येण्याजोगी कारणं सर्वत्र तीच आहेत. ३२ देशांत झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात अशा दहा घटकांनी जवळपास ९० टक्के पक्षाघातांचा हिशेब लागला, आणि त्यांत सर्वांत वजनदार उच्च रक्तदाबच होता. ही टक्केवारी वाचताना सावध राहावं. एका पक्षाघाताच्या मागे दोन-तीन कारणं एकत्र असतात, म्हणून प्रत्येक घटकाचे वाटे बेरजेत घेतले तर शंभराच्या वर जातात.

जपानमध्ये पुढे काय झालं, यातून रक्तदाबाच्या वाटेची मर्यादाही दिसते. १९८३ पासून वृद्धांच्या आरोग्यविषयक कायद्याने चाळिशीपुढच्यांची तपासणी देशभर नेली. मिठाचं प्रमाण कमी होत २०१९ मध्ये दिवसाला सुमारे १० ग्रॅमवर आलं, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट. पण हिसायामात ठेवलेल्या नोंदींत पक्षाघाताची मोठी घसरण साठ ते सत्तरच्या दशकातली आहे. त्यानंतर ती मंदावली. रक्तदाबाचे उपचार सुधारत राहिले, त्याच वेळी लठ्ठपणा, रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉल वाढत गेले. बारीक धमन्यांचा पक्षाघात कमी झाला, पण मोठ्या धमन्यांतल्या चरबीमुळे आणि हृदयातून निघालेल्या गुठळ्यांमुळे होणारा पक्षाघात त्याच वेगाने कमी झाला नाही. साठच्या दशकातल्या अकितात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. आज जिथे मधुमेह आणि उच्च रक्तदाब एकाच माणसात सोबत आढळतात, तिथे इकावासारखीच मोहीम हाती घेतली तर घट होईल, पण ७५ टक्क्यांची अपेक्षा धरून नियोजन केलं तर हिशेब चुकेल. त्या गावात दाब फार चढलेला होता आणि त्याशिवायची कारणं थोडी होती. उतरायला एवढी जागा आता क्वचितच कुठे शिल्लक असते.